निपाणीच्या हॉस्पिटलला सिरिंज पंपाच्या डेमोचा मेल पाठवायचाय, मसुदा बघून सांगा

शहापूरकर (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीत आहे. त्याआधी नऊ वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसलो, त्यामुळे पंप आतून माहीत आहे, पण मेल लिहायला बसलो की हात अडतो.

निपाणीतल्या पन्नास खाटांच्या एका हॉस्पिटलात आयसीयूसाठी सहा सिरिंज पंप घ्यायचं चाललंय. खरेदी व्यवस्थापक मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "डेमोचं काय ते मेलवर पाठवा, त्यात सर्व्हिस आणि ट्रेनिंगचं स्पष्ट लिहा. मग मी डॉक्टरांपुढे ठेवते." मेल इंग्रजीतच जाईल, इथे मराठीत मांडतो:

"आदरणीय मॅडम, आमच्या सिरिंज पंपाचं प्रात्यक्षिक आपल्या सोयीच्या दिवशी दाखवण्याची इच्छा आहे. पंपाची अचूकता अधिक-उणे २ टक्के आहे. एक वर्षाची वॉरंटी असून विक्रीनंतर तत्पर सेवा दिली जाईल. सर्व कर्मचाऱ्यांना पूर्ण प्रशिक्षण देऊ. कृपया दिवस कळवावा."

यात काय कमी आहे ते मोकळेपणानं सांगा.

टिळकवाडीचे काका

मी २२ वर्षं एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात खरेदी बघितली, आता निवृत्त आहे. तुमच्यासारखे मेल आठवड्याला चार यायचे. ते वाचून माझ्या हाती काहीच लागत नसे, हे सरळ सांगतो.

मॅडमना तुमचा मेल तुलनेच्या तक्त्यात उतरवायचा असतो. तीन कंपन्या, तीन रकाने. "तत्पर सेवा" हे तिघंही लिहितात, मग त्या रकान्यात काय भरायचं? कॉल दिल्यावर किती तासांत माणूस, तो कुठून निघणार, आणि पंप तिथेच दुरुस्त झाला नाही तर पेशंटला तोवर काय लावायचं, हे हवं. "पूर्ण प्रशिक्षण"चंही तसंच. कोणाला, किती वेळ, किती वेळा?

आणि विक्रीच्या नोंदणीचा दाखला, एमडी-४२, मेलसोबतच जोडा. तो मागायला दुसरा मेल करावा लागला की तुमची फाईल खाली जाते.

गडहिंग्लजचा

काका म्हणतात ते बरोबर, पण डेमोवर एवढा जीव कशाला टाकायचा? पंप सगळे सारखेच. ५० मिलीची सिरिंज म्हणजे ५० मिलीची, कुठल्याही कंपनीची लावा, २ टक्के तर २ टक्के. देखभालीचा करार, सीएमसी, घ्यायला लावा, म्हणजे सगळं त्यात आलं. मेलमध्ये किंमत आधी लिहा, बाकीचं मागाहून.

कोल्हापूरचा बायोमेडिकल

गडहिंग्लजकर, सीएमसीचं नंतर बोलू, पण सिरिंजचं तुम्ही म्हणता तसं नाही. आणि हीच गोष्ट या डेमोचा कणा व्हायला हवी.

पंपाला औषध दिसत नाही. तो फक्त दट्ट्या ढकलतो. ताशी ५ मिली द्यायचे तर दट्ट्या किती वेगानं सरकवायचा, हे तो सिरिंजच्या आतल्या व्यासावरून ठरवतो. तो व्यास त्याच्या यादीतल्या कंपनीच्या नावावर साठवलेला असतो. ५० मिलीच्या सिरिंजा वेगवेगळ्या व्यासाच्या असतात, कुणाची नळी बारीक आणि लांब, कुणाची जाड आणि आखूड. समजा यादीतून निवडलेल्या सिरिंजचा व्यास २७ मिमी आहे आणि लावलेली सिरिंज निघाली २९ मिमीची. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे ८४१ भागिले ७२९. ताशी ५ च्या जागी जवळजवळ ५.७७ मिली जातात. पडद्यावर मात्र ५ च दिसतात. पंधरा टक्के जास्त, आणि अलार्म नाही. नॉरअॅड्रेनालिनसारखं औषध चालू असेल तर बीपी चढतो, सिस्टर वेग कमी करते, आणि खरं कारण कुणालाच कळत नाही.

म्हणून मेलमध्ये सरळ लिहा: "डेमो आपल्या स्टोअरमधल्याच सिरिंजवर करू." हॉस्पिटल स्वस्त म्हणून कुठली तरी सिरिंज घेत असतं, ती तुमच्या पंपाच्या यादीत आहे की नाही हे आधी विचारा. यादीत नसेल तर ती पंपात नोंदवून घेता येते का, हे कंपनीकडून आधी बघून ठेवा. डेमोच्या दिवशी अडकलात तर बाकी सगळं वाया.

शहापूरकर

दादा, मनापासून आभार. मी दुरुस्तीला असताना "पंप जास्त देतोय" म्हणून पंप यायचे. टेबलावर मोजला की बरोबर भरायचा, कारण टेबलावर आमची सिरिंज असायची! त्यांची सिरिंज कधी मागितलीच नाही. आज कळलं.

पण हे डेमोत दाखवायचं कसं? आमच्याकडे प्रवाह मोजायचं यंत्र नाही. ते कंपनीच्या बंगळूरच्या ऑफिसात असतं.

कोल्हापूरचा बायोमेडिकल

यंत्र लागत नाही. शहापुरात सराफांची दुकानं आहेत, तिथला ०.०१ ग्रॅमचा काटा मागून आणा. पाण्याचा १ मिली म्हणजे जवळजवळ १ ग्रॅम.

सिरिंजमध्ये साधं पाणी भरा, नळी लावा, ताशी ५ मिली ठेवा. पहिली पंधरा मिनिटं मोजू नका. दट्ट्या आणि पकड यांच्यात थोडी सैल जागा असते, ती भरून निघेपर्यंत प्रवाह कमी येतो. मग एका छोट्या भांड्यात एक तास पाणी पडू द्या. भांड्यावर पातळ प्लास्टिक ताणून त्याला भोक पाडा आणि नळी त्यातून आत सोडा, नाहीतर पंख्यानं पाणी उडतं आणि आकडा कमी येतो. तासानंतर ४.८५ ते ५.१५ ग्रॅमच्या मध्ये भरलं तर पंप आणि सिरिंज दोन्ही नीट आहेत. मग तीच सिरिंज मुद्दाम यादीतल्या चुकीच्या नावावर लावून परत चालवा. दोन आकडे शेजारी ठेवले की डॉक्टरांना काही सांगावं लागत नाही.

दोन तास जातात. पण दोन पंप बरोबर नेले तर दोन्ही मोजण्या एकाच वेळी होतात.

संकेश्वरकर

नमस्कार. माझ्या आईला साखर आहे, दिवसातून चारदा इन्सुलिन टोचावं लागतं. हा पंप घरी डेमोला मिळेल काय? किंमत किती आहे? तिला टोचण्याचा फार त्रास होतोय.

शहापूरकर

काकू लवकर बऱ्या होवोत. पण हा तो पंप नव्हे. आमचा सलाईनच्या स्टँडला लावतात, आयसीयूत पडून असलेल्या पेशंटसाठी. इन्सुलिनचा पंप कमरेला लावायचा छोटा असतो, आणि तो बसवायचा की नाही हे साखरेचे डॉक्टर तपासून ठरवतात. बेळगावात त्यांना एकदा दाखवून घ्या.

खानापूरची सिस्टर

मी चौदा वर्षं आयसीयूत आहे. हे धागे वाचते, लिहीत नाही सहसा. पण ट्रेनिंगचं आलंय म्हणून लिहिते.

आधीच्या एका हॉस्पिटलात रात्रपाळीला होते. पेशंट नॉरअॅड्रेनालिनवर, ताशी २ मिली. लाईन बदलली आणि नळीवरचा थ्री-वे कॉक बंदच राहिला. माझ्याच हातून. पंप चालू, हिरवा दिवा चालू, आकडे बरोबर, आणि बीपी खाली खाली. मी डॉक्टरांना फोन करते, सलाईन वाढवते, आणि पंपाकडे बघतच नाही, कारण तो तर चालूच आहे. अलार्म वाजला तेव्हा जवळजवळ पंचवीस मिनिटं झाली होती. पडद्यावर OCCLUSION आलं, म्हणजे नळीत अडथळा. मी धावत जाऊन थ्री-वे उघडला. पुढच्या मिनिटात बीपी वर १९० पर्यंत गेला. पेशंट वाचला. पण त्या रात्री मला झोप नाही.

काय झालं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी सरांनी समजावलं. नळी बंद असताना पंप ढकलतच होता. पंचवीस मिनिटं, ताशी २ मिलीनं, म्हणजे ०.८ मिलीच्या वर औषध नळीत आणि सिरिंजच्या रबरात दाबून बसलेलं. मी उघडलं तसं ते एकदम आत गेलं. पंचवीस मिनिटांचं औषध काही सेकंदात.

ट्रेनिंग मला तेव्हाही मिळालं होतं. सेल्सवाले आले, बटणं दाखवली, चहा घेतला, सही घेतली. अलार्म वाजल्यावर आधी काय करायचं, हे कुणीच हातात धरून करून घेतलं नव्हतं.

कोल्हापूरचा बायोमेडिकल

ताई, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. लोकांना वाटतं नळी बंद झाली की पंप लगेच ओरडेल. ५० मिलीच्या सिरिंजवर ताशी १ मिली असेल तर अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त लागतो. दाब वाढायला तेवढं औषध साठावं लागतं ना. दाबाची मर्यादा खालच्या पायरीवर ठेवली की वेळ कमी होतो, छोटी सिरिंज लावली की आणखी कमी. काही पंप अलार्म वाजला की दट्ट्या थोडा मागे घेऊन साठलेला दाब उतरवतात. शहापूरकर, तुमचा घेतो काय? घेत असेल तर तेच डेमोत दाखवा.

शहापूरकर

घेतो. पण पूर्ण दाब उतरत नाही, ते मी स्वतः बघितलंय. म्हणून सिस्टरांना हातानंच शिकवायला हवं. ताई, तुम्ही सांगाल काय, कुठल्या क्रमानं?

खानापूरची सिस्टर

आमच्या सरांनी शिकवलं ते सांगते. अलार्म वाजला की आधी पेशंटकडची बाजू बंद, किंवा बंद असेल तर बंदच राहू द्यायची. मग पंप थांबवून सिरिंजवरचा दाब सोडायचा, दट्ट्याची पकड मोकळी करून. अडथळा कुठे ते शोधायचं, बहुतेक वेळा थ्री-वे किंवा मुडपलेली नळी. मग सिरिंज परत नीट बसवून थोडं बाहेर सोडायचं, पेशंटच्या अंगात नाही. आणि मग पेशंटकडची बाजू उघडायची. नवीन सिरिंज लावतानाही तसंच, लावून लगेच पेशंटला जोडलं तर पहिली काही मिनिटं औषध पोचतच नाही.

आणि दादा, एक सांगू? निपाणीत ज्या मुली असतील त्यातल्या निम्म्या कन्नडमध्ये शिकलेल्या असतील, निम्म्या कागल, गडहिंग्लज बाजूच्या. इंग्रजी पडदा वाचतात, पण रात्री घाबरल्यावर वाचलं जात नाही. पंपाच्या स्टँडला एक कार्ड लावा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, चार ओळी. शिकवणाराही दोन्ही बोलणारा पाठवा.

टिळकवाडीचे काका

सिस्टरबाई, हे शेवटचं मी माझ्या बावीस वर्षांत एकदाही कुठल्या विक्रेत्याच्या मेलात वाचलं नाही. मॅडमना हे वाचून तुमचं नाव लक्षात राहील, शहापूरकर.

आता सर्व्हिस. गडहिंग्लजकर म्हणाले सीएमसीत सगळं आलं. अर्धं खरं. एएमसीत माणसाच्या फेऱ्या येतात आणि सुट्या भागांचे पैसे वेगळे. सीएमसीत भाग येतात, पण खालच्या बारीक अक्षरांत बॅटरी "खपाची वस्तू" म्हणून वगळलेली असते. सिरिंज पंपात सगळ्यात आधी बॅटरीच जाते. हेस्कॉमची वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला मिनिट लागलं, आणि पंप बंद. म्हणजे आपण सीएमसी घेतली आणि बॅटरीसाठी परत कोटेशन. मेलमध्ये लिहा की बॅटरी आत की बाहेर, आणि बाहेर असेल तर आजची किंमत.

गडहिंग्लजचा

बॅटरीचं मान्य, मला माहीत नव्हतं. पण मग माणूस कुठून येणार ते ठरवा. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर. हुबळीहून किंवा बंगळूरहून माणूस बोलावण्यात काय अर्थ? कोल्हापूरच्या डीलरकडून घ्या म्हणावं सरळ.

शहापूरकर

दादा, तिथेच तर अडतंय. कंपनीचे इलाखे राज्याप्रमाणे पाडलेत. निपाणी कर्नाटकात, म्हणून कर्नाटकचा डीलर, म्हणजे आम्ही. आमचा इंजिनिअर हुबळीत बसतो. हुबळी ते निपाणी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूरचा माणूस अर्ध्या-पाऊण तासात येईल, पण त्याला कंपनीकडून कॉल जात नाही. मी दोनदा लेखी विचारलंय, उत्तर नाही.

कोल्हापूरचा बायोमेडिकल

कोल्हापूरवर अवलंबून राहू नका, मी कोल्हापूरचा असून सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि कोल्हापूर-निपाणी रस्ता बंद झाला. २०२१ मध्येच कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर मागत होते. माझा माणूस तिथून परत आलेला आहे. जवळ असणं आणि पोचणं वेगळं.

मुळात पंपाला माणूस जायची गरजच नसते. पंप दोन-अडीच किलोचा. तो जागेवर उघडून दुरुस्त कोण करतो? बदली पंप तिथेच ठेवा. सहा विकताय तर सातवा तुमच्या मालकीचा त्यांच्या स्टोअरमध्ये, पावतीवर "बदली, बिलाबाहेर" लिहून. एक बिघडला की सिस्टर तो काढून सातवा लावेल, दहा मिनिटांत. बिघडलेला बेळगावला येऊ द्या, तुम्ही तर दुरुस्तीतलेच आहात.

शहापूरकर

सातवा पंप. मालकाला विचारतो. वर्षभर एक पंप अडकून राहणार, पण हुबळीहून गाडी पाठवायचा खर्च वाचेल. बोलून परत येतो.

(दुसऱ्या दिवशी)

मालक तयार झाले, एका अटीवर. दर तीन महिन्यांनी बदली पंप आम्ही चार्ज करून तपासून यायचा. ते रास्तच आहे, कपाटात पडलेल्या पंपाची बॅटरी मरते.

मसुदा नव्यानं लिहिला:

"आदरणीय मॅडम,

आपल्या आयसीयूसाठी सहा सिरिंज पंपांच्या प्रात्यक्षिकाबाबत. यासाठी आम्हाला साधारण अडीच तास लागतील. आपण सध्या वापरत असलेल्या ५० मिली सिरिंजचं कंपनीचं नाव आधी कळवावं. ती पंपाच्या यादीत आहे का, हे तपासूनच आम्ही येऊ. यादीत नसेल तर तसं येण्याआधी सांगू.

प्रात्यक्षिकात आपल्याच सिरिंजवर ताशी ५ मिली वेगानं एक तास चालवून बाहेर आलेलं पाणी वजन करून दाखवू. नळी मुद्दाम बंद करून अलार्म किती मिनिटांत वाजतो ते आपल्या सिस्टरांच्या घड्याळावर मोजू, ताशी ५ मिलीवर. ताशी १ मिलीला हा वेळ बराच जास्त लागतो, म्हणून ती चाचणी सुरुवातीलाच लावून ठेवू. शेवटी वीज काढून पंप बॅटरीवर चालवून दाखवू.

सेवा: सहा पंपांबरोबर एक बदली पंप वॉरंटीच्या काळात आपल्या स्टोअरमध्ये राहील, त्याचं बिल नाही. बिघडलेला पंप कळवल्यापासून दुसऱ्या कामाच्या दिवशी आम्ही बेळगावहून येऊन नेऊ. वॉरंटीनंतरच्या सीएमसीत बॅटरी समाविष्ट नाही, तिची आजची किंमत सोबत जोडली आहे. वर्षातून एकदा प्रवाहाची तपासणी करून दाखला देऊ.

प्रशिक्षण: दुपारी पाळी बदलताना एक आणि रात्रपाळीला एक, अशा दोन बैठका. प्रत्येक सिस्टरनं स्वतःच्या हातानं सिरिंज लावणं, थोडं बाहेर सोडणं आणि अलार्म वाजल्यावरची कृती एकटीनं करून दाखवल्यावरच सही. शिकवणारा मराठी आणि कन्नड दोन्ही बोलेल. तीन महिन्यांनी नवीन आलेल्यांसाठी परत एक बैठक. पंपासोबत दोन्ही भाषांतलं कार्ड.

नोंदणीचा दाखला एमडी-४२ आणि किंमतपत्रक सोबत जोडलं आहे."

टिळकवाडीचे काका

आता हे तक्त्यात उतरतं. एकच सुचवतो. दुसऱ्या दिवशी आला नाहीत तर काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मॅडम विचारतीलच. दिवसाला किती रुपये दंड, की वॉरंटी तेवढे दिवस वाढवून, तुम्हीच आधी सांगा.

शहापूरकर

काका, दंडाला मालक नाही म्हणालेत. वॉरंटी वाढवायला कदाचित तयार होतील. हे बोलूनच लिहीन, आज तरी ती ओळ टाकत नाही.

गडहिंग्लजचा

किंमत शेवटीच ठेवलीत की हो. ठीक आहे, या मेलला तीच जागा बरी दिसतेय. पण इलाख्याचं कंपनीला परत लिहा. सातवा पंपही कधी बिघडेल.

खानापूरची सिस्टर

दुपारच्या पाळी बदलीला बैठक ठेवू नका दादा. तेव्हा एक निघायच्या घाईत, दुसरी पेशंट समजून घेण्यात. दुपारी तीन-साडेतीनला ठेवा, वॉर्ड शांत असतो. सकाळपाळीच्या दोघींना तासभर थांबवायला इन्चार्ज सिस्टरना आधी फोन करा, मॅडमना नाही. रात्रपाळीला साडेनऊनंतर या, औषधं देऊन झालेली असतात.

आणि कार्डावरची पहिली ओळ अशी असू द्या: "थ्री-वे लगेच उघडू नका." कन्नडमध्ये मी लिहून देते, फोटो पाठवते इथेच.

शहापूरकर

वेळा बदलल्या. मेल गेला. मॅडमचं उत्तर आलं, सिरिंजचं नाव कळवलंय. आमच्या यादीत नाहीये ती. कंपनीला लिहिलंय, नोंदवून मिळतेय का बघू.